गोळी चुरून आमटीत घालण्याआधी

*आमचे मालक 54 वर्षांचे, नऊ वर्षांपासून शुगर आहे. तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग. गेल्या हंगामात व्यापारी माल उचलून पैसे न देताच गेला, तेव्हापासून हे गप्पच झालेत. पहाटे तीनला उठून बसतात, जेवण निम्म्यावर आलंय, मधेच छातीत धडधडतं. तीन महिन्यांची शुगर 7.4 होती, ती 10.2 झाली. डॉक्टरांनी गोळी दोनदा वाढवली, आता इन्सुलिन म्हणतात. परवा कपाट आवरताना महिन्याच्या 60 गोळ्यांपैकी 41 तशाच सापडल्या. विचारलं तर म्हणाले, "काय करायचंय गोळ्या खाऊन?" गोळी चुरून आमटीत घालून देऊ का? डॉक्टरांना सांगितलं तर ते चिडतील. मनाच्या डॉक्टरांकडे नेलं तर गावात बोभाटा होईल, आणि मुलीचं लग्न ठरवायचंय.*
*– एक वाचक, जि. सांगली*

ताई, गोळी चुरून देऊ नका. आज रात्रीच्या जेवणातही नको. त्याचं कारण आधी सांगते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही त्यातच आहेत.

तुम्ही गोळ्या मोजल्यात हे फार चांगलं केलंत. आता तो हिशोब पुढे नेऊ. पाकिटावर काय लिहिलंय ते तुम्ही कळवलेलं नाही, पण दिवसाला दोन आणि महिन्याला 60 अशी जी गोळी आपल्याकडे बहुतेकांना मिळते, ती ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्र गोळी असते. समजा तिच्यात ग्लिमेपिराईड 2 मिलिग्राम आणि मेटफॉर्मिन 1000 मिलिग्राम आहे. मग डॉक्टरांच्या कागदावर यजमानांना रोज 4 मिलिग्राम ग्लिमेपिराईड चालू आहे. प्रत्यक्षात महिन्यात 19 गोळ्याच पोटात गेल्या, म्हणजे रोजची सरासरी सव्वा मिलिग्राम. कागदावरच्या डोसचा तिसरा हिस्साही नाही. डॉक्टरांनी 10.2 आकडा पाहिला आणि औषध पुरत नाही असं समजून डोस वाढवला. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं, कारण गोळ्या शिल्लक राहतात ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

आता तुम्ही उद्यापासून दोन्ही वेळच्या गोळ्या गुपचूप पोटात घातल्या, तर त्यांच्या शरीराला एका दिवसात तिपटीहून जास्त औषध मिळेल, आणि तेही निम्मं जेवणाऱ्या माणसाला. ग्लिमेपिराईड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की नाही हे ते पाहत नाही. शुगर 70 च्या खाली गेली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळायला लागतो, रात्री झोपेत झालं तर कुणाला कळतही नाही. शिवाय मेटफॉर्मिन बहुधा हळूहळू विरघळणारं असतं, पाकिटावर एसआर, एक्सआर किंवा ईआर असं लिहिलेलं असतं. ती गोळी चुरली की बारा-चौदा तासांत सुटायचं औषध एकदम सुटतं, पोट बिघडतं, उलटी होते. आणि ज्या दिवशी त्यांना आमटी कडू लागेल, त्या दिवसापासून ते तुमच्या हातचं जेवायलाही घाबरतील.

इन्सुलिनचंही तसंच आहे. पुढे त्याची खरोखर गरज लागूही शकते. पण ज्या माणसाच्या दोन तृतीयांश गोळ्या कपाटातच राहतात, त्याची सुईही राहील, आणि मग आणखी डोस वाढेल. आधी खरा आकडा डॉक्टरांसमोर जायला हवा.

आता "काय करायचंय गोळ्या खाऊन?" या वाक्याकडे येते. तुम्ही ते हट्टाचं वाक्य म्हणून ऐकलंत. मला ते वाचून काळजी वाटली. म्हणून पुढची एक गोष्ट पत्र वाचलेल्या दिवशीच करा. ते एकटे आणि शांत असतील तेव्हा जवळ बसा आणि सरळ विचारा, "जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असा विचार मनात येतो का?" असं विचारल्यानं विचार डोक्यात घुसतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर "हो" आलं, किंवा नुसतेच डोळे भरून आले, तरी त्यांना एकटं सोडू नका. आणि उत्तर काहीही येवो, द्राक्षबागेची फवारणीची औषधं घरात किंवा शेडमध्ये असतील, तर ती आजच कुलपात टाका आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा, किंवा सगळा साठा भावकीत कुणाकडे तरी ठेवायला द्या. सापडलेल्या त्या 41 गोळ्याही तुमच्याच ताब्यात ठेवा, त्या एकदम घेतल्या तर जीवघेण्या ठरू शकतात. आत्महत्येचा विचार पुष्कळदा काही मिनिटांचा झटका असतो. त्या मिनिटांत हाताशी विष नसणं यानं माणूस वाचतो. मदतीसाठी टेलिमानस हा सरकारी दूरध्वनी आहे, 14416. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि रुग्णाऐवजी तुम्ही स्वतःही बोलू शकता. त्यांनी काही करून घ्यायचं ठरवलंय असं दिसलं, तर फोनवर थांबू नका, जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच रात्री घेऊन जा.

हे झालं की मग हा हट्ट आहे का, हे शांतपणे पाहू. हट्टी माणूस गोळी नाकारतो, भांडतो. तुमचे यजमान नाकारत नाहीत, त्यांच्याकडून ती घेतलीच जात नाही. नैराश्यात उद्याचा दिवस खरा वाटेनासा होतो. आणि शुगरची गोळी असते ती उद्यासाठीच. दहा वर्षांनी डोळे, किडनी, पाय शाबूत राहावेत म्हणून ती घ्यायची, आज घेतली तर आज काही बरं वाटत नाही. ताप उतरवणारी गोळी माणूस उदास असला तरी घेईल, पण ही राहून जाते. शिवाय लक्ष लागत नाही, सकाळी घेतली का हे आठवत नाही, आणि दोनदा झाली तर काय या भीतीनं तीही राहून जाते.

मग शरीरही उलटं फिरतं. शुगर वाढली की रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, झोप मोडते, दिवसभर अंग गळून जातं. गळालेलं अंग आणि मोडलेली झोप यानं मन आणखी खाली जातं, आणि गोळी आणखी राहते. सततच्या ताणात शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, तेही शुगर वर नेतं. म्हणून नुसत्या शुगरवर किंवा नुसत्या मनावर उपाय केला, तर दुसरी बाजू पहिलीला पुन्हा ओढून नेते. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं, तरी शुगरच्या तपासणीत मनाबद्दल कुणी विचारत नाही. तुमच्या घरात हे घडलं यात तुमची किंवा त्यांची चूक नाही.

धडधडीचं मात्र वेगळं बघायला हवं. शुगर कमी झाल्यावर होणारी धडधड, घाम आणि घबराट, आणि चिंतेनं होणारी धडधड, या दोन्ही आतून अगदी सारख्या वाटतात. पुष्कळांना एकदा शुगर उतरल्याचा झटका येऊन गेलेला असतो. त्यानंतर साध्या चिंतेची धडधड झाली तरी "गोळीनं शुगर उतरली" असं त्यांना वाटतं, ते चमचाभर साखर खातात आणि रात्रीची गोळी टाळतात. ओळखायचा मार्ग एकच, धडधड चालू असतानाच ग्लुकोमीटरवर बोट टोचून बघायचं. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या, आणि मग भाकरी खायला घाला. ग्लिमेपिराईडचा असर लांबतो, त्यामुळे एकदा सावरल्यावरही तो दिवस आणि ती रात्र लक्ष ठेवा, आणि डॉक्टरांना कळवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, सरळ रुग्णालय गाठा. आकडा 150 किंवा 200 असेल, तर ती धडधड शुगर उतरल्याची नव्हे. ती चिंतेची असू शकते, पण पन्नाशीच्या मधुमेही माणसात हृदयाची तपासणीही एकदा करून घ्यावीच, आणि छाती दाबल्यासारखी वाटली किंवा दम लागला तर त्याच वेळी.

तुम्ही कपाटातून आणखी एक गोष्ट शोधू शकता. नुसतं किती गोळ्या उरल्या हे न बघता कोणत्या उरल्या हे बघा. रक्तदाबाची गोळी संपत असेल आणि शुगरचीच उरत असेल, तर त्यांना बहुधा त्या गोळीचीच भीती किंवा त्रास आहे. शुगर उतरेल अशी भीती असेल, किंवा मेटफॉर्मिननं पोट बिघडत असेल. सकाळच्या जात असतील आणि रात्रीच्या उरत असतील, तर रात्री जेवणच होत नाहीये किंवा संध्याकाळी मन जास्त खचतंय, आणि संध्याकाळी दारू असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं. आणि एका तारखेपासून सगळ्याच गोळ्या थांबल्या असतील, तर ती तारीख लिहून ठेवा. डॉक्टरांना ती कोणत्याही तपासणीइतकी उपयोगी पडेल.

नैराश्य आहे का हे ताडायला जगभर डॉक्टर दोन प्रश्न वापरतात, ते तुम्हीही विचारू शकता. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही असं किती दिवस झालं? आणि उदास, निराश, हताश किती दिवस वाटलं? एकदाही नाही तर 0, काही दिवस असेल तर 1, निम्म्याहून जास्त दिवस असेल तर 2, जवळजवळ रोज असेल तर 3. दोन्हींची बेरीज 3 किंवा जास्त आली, तर पुढची तपासणी करायची. ती नऊ प्रश्नांची असते, झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, स्वतःला दोष देणं अशा गोष्टींची, आणि तिला पीएचक्यू-9 म्हणतात. तिचे गुण 27 पैकी. 10 किंवा जास्त आले तर डॉक्टरांनी उपचाराचा विचार करायचाच, आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्यात 0 सोडून काहीही आलं, तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. हे प्रश्न ताडण्यापुरते आहेत, निदान डॉक्टर बोलून करतात.

हे सगळं नैराश्यच असेल असंही मी धरून चालत नाही. थायरॉईड मंदावलं तर माणूस असाच गळतो. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत व्हिटॅमिन बी12 कमी होऊ शकतं, त्यानं थकवा येतो, मुंग्या येतात आणि मनही उतरतं. टीएसएच आणि बी12 या दोन रक्ततपासण्या करून घ्या. तिसरी शक्यता वेगळी आहे. काहींना नैराश्य नसतं, ते आजारालाच कंटाळलेले असतात. रोजचं पथ्य, टोचणं, घरच्यांची टोकणी यांचा तो शीण असतो. असा माणूस शुगर सोडून बाकी आयुष्यात रमतो, पाहुण्यांत हसतो. त्याला गोळ्या सुटसुटीत करून देणं आणि टोकणं थांबवणं यानं पुष्कळ फरक पडतो. तुमच्या यजमानांचा रस बागेतूनही गेला असेल, तर तो नुसता शीण नाही.

आता डॉक्टर. सांगितलं तर ते चिडतील, असं तुम्हाला वाटतं. ते चिडलेच, तर न सांगितल्यावर जे झालं त्यापुढे ते काहीच नाही. शिवाय गोळी राहिल्याचं रुग्ण लपवतात हे डॉक्टरांना नवीन नाही. पण पहिल्यांदा यजमानांनाच सांगा, "मी गोळ्या पाहिल्यात, मला राग नाही. डॉक्टरांना तुम्ही सांगता का मी सांगू?" त्यांनी तुमच्यावर सोपवलं, तर एक चिठ्ठी नेऊन आत जाताच पुढ्यात ठेवा. दवाखान्यात मिळतात चार-पाच मिनिटं, आणि यजमान समोर बसलेले असताना तुमची जीभ रेटणार नाही. चिठ्ठीत एवढंच लिहा: "महिन्याच्या 60 पैकी 19 गोळ्या घेतल्या. हे अमुक महिन्यापासून चालू आहे. जेवण निम्मं झालंय, पहाटे तीनला जाग येते, कामात रस नाही, जगून काय करायचं असं बोलतात. नैराश्यासाठी तपासावं आणि गोळ्यांचा डोस पुन्हा ठरवावा, ही विनंती." सगळ्या स्ट्रिप, रिपोर्ट आणि आठवडाभराचे उपाशीपोटीचे आणि रात्री जेवणाआधीचे आकडे सोबत न्या. यजमानांनी स्पष्ट नकार दिला तरी तुम्ही एकट्या जाऊन डॉक्टरांना हे सांगू शकता, तुमचं ऐकून घ्यायला कुठलाही नियम आड येत नाही.

भेटीपर्यंतचे दोन-चार दिवस काय करायचं, तर दवाखान्यात फोन करून "गोळी कशी सुरू करू" हेच विचारा. राहिलेली गोळी भरून काढायला पुढच्या वेळी दोन देऊ नका, आणि जेवण नसेल तेव्हा ग्लिमेपिराईडची गोळी देऊ नका. बहुधा डॉक्टर कमी डोसनं सुरुवात करतील आणि आकडे बघत वाढवतील. पण शुगर 300 च्या वर टिकून राहिली, फार तहान लागली, उलट्या झाल्या किंवा सुस्ती आली, तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका.

मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात गावाची भीती मी हलकी मानत नाही. लग्न ठरवायच्या घरात ती खरी असते. म्हणून वाटा सांगते. उपचार तुमचे शुगरचे डॉक्टरही सुरू करू शकतात, साध्या नैराश्यासाठी सुरुवातीला तेवढं पुरतंही. ते करत नसतील, तर सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय इथं मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात दाखवा. तिथं शुगरही तपासली जाते, त्यामुळे "शुगरसाठी मिरजेला जाऊन आलो" एवढं सांगितलं तरी ते खोटं ठरत नाही. सातारकर वाचकांसाठी तिकडचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे. सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालू आहे, तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर किंवा समुपदेशक कोणत्या वारी येतात हे विचारा, आशाताईंनाही माहीत असतं. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाच्या उपचाराची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे.

तिथं काय होईल तेही सांगते, कारण अर्धी भीती न कळल्यामुळे असते. डॉक्टर अर्धा तास बोलतील, कधी नुसतं समुपदेशन सुचवतील, कधी गोळी देतील. बहुधा एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीन अशा गटातली. त्या झोपेच्या गोळ्या नाहीत, सवय लागत नाही. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी बेचैनी होते, मग जाते. झोप आणि घबराट आधी सुधारते, मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे, कधी सहा-आठही लागतात. नेमकं इथंच लोक "फरक नाही" म्हणून सोडून देतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त चालू ठेवतात, आणि बंद करताना डॉक्टरच हळूहळू कमी करतात. सुरुवातीचे दिवस बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच कळवा.

शुगरच्या बाजूनं दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगा. या गटातल्या गोळ्यांनी आणि सुधारलेल्या मनानंही शुगर थोडी उतरू शकते, त्यामुळे ग्लिमेपिराईड किंवा इन्सुलिन चालू असेल तर पहिले काही आठवडे आकडे जास्त वेळा बघायचे. आणि नैराश्याची काही जुनी औषधं, तसंच मिर्टाझापीन, वजन वाढवतात. म्हणून मनाच्या डॉक्टरांना सगळी औषधं दाखवा आणि त्यांचा कागद शुगरच्या डॉक्टरांना. मेडिकलमधून परस्पर अल्प्राझोलाम आणून देऊ नका. झोप लागते, पण नैराश्य तसंच राहतं आणि सवय लागते.

दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई आणि विशाखापट्टणमच्या मधुमेह दवाखान्यांत 404 रुग्णांवर केलेला एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाचं शुगर आणि नैराश्य एकाच जागी पाहिलं गेलं आणि मधल्या काळात फोन करून गोळ्या, मन, आकडे यांची चौकशी करणारा एक माणूस नेमला. दोन वर्षांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या गटातल्या जास्त रुग्णांचं नैराश्यही कमी झालं आणि शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी किमान एक तरी सुधारलं. तो मधला माणूस आपल्याकडच्या दवाखान्यात सहसा मिळत नाही. ते काम घरात तुम्ही करू शकता, पण पोलिसासारखं नको. सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आणा, रविवारी दोघांनी मिळून भरा, आणि "घेतली का?" असं विचारण्याऐवजी सकाळी चहाबरोबर डबी समोर ठेवा. कप्पा रिकामा झाला की झालं. राहिला तर त्या दिवशी काय झालं एवढंच विचारा, त्या उत्तरातून पुढची अडचण कळते. मुलगी कळती आहे, तिलाही थोडं सांगा, सगळा भार एकट्या ओढू नका.

बागेचं कामही औषधात धरा, पण फवारणीचं सोडून. सगळी छाटणी नाही, एकच काम, ठरलेल्या वेळी. सकाळी सातला ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायला जाऊन यायचं, मन असो वा नसो. नैराश्यात उत्साह आल्यावर काम होत नाही, थोडं काम झालं की मागाहून उत्साह येतो. पहिले काही दिवस तुम्ही सोबत चाला.

तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी, म्हणजे एचबीए1सी, तीन महिन्यांनी पुन्हा करा, त्याआधी नको, कारण तो आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. पहिल्या महिन्यात हा तीन महिन्यांचा आकडा बघू नका, रिकामे कप्पे मोजा. आणि डॉक्टरांकडे जाताना ती चिठ्ठी विसरू नका, आजच लिहून ठेवा.